राज्यसेवा पुन्हा हुकली: आणखी एक अटेम्प्ट द्यायचा की थांबायचं?

राज्यसेवा पूर्वचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अभ्यासिकेत दोन प्रकारची मुलं येतात. काही म्हणतात, "दादा, डिपॉझिट परत द्या, मी गावी चाललो." काही म्हणतात, "दादा, पुढच्या सहा महिन्यांचे पैसे आत्ताच घ्या, सीट तेवढी हीच राहू द्या." दोन्ही निर्णय एका रात्रीत झालेले असतात. त्यांपैकी कुणी प्रश्नपत्रिका पुन्हा उघडून पाहिलेली असते का? नऊ वर्षांत अशी मुलं मला बोटांवर मोजण्याइतकीच भेटली.

नारायण पेठेत ही अभ्यासिका सुरू करण्याआधी मी स्वतः चार वेळा पूर्व आणि दोन वेळा मुख्य परीक्षा दिली. थांबलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, आणि तोपर्यंत निदान दोन वर्षं उशीर झालेला होता. पहिल्या किंवा दुसऱ्या नापासानंतर ज्यांना पुढचं काही सुचत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. जायचं की राहायचं हे तुमच्या चुकलेल्या प्रश्नांतूनच बरंचसं कळतं. कसं, ते क्रमाने सांगतो.

आधी हे समजून घ्या: आयोग तुम्हाला थांबवणार नाही

यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला सहा संधी आणि ३२ वर्षं वय अशी मर्यादा आहे. सहाव्यांदा नाव आलं नाही की दार बंद. ते क्रूर वाटतं, पण त्यामुळे निर्णय आपोआप होतो. एमपीएससीत तसं नाही. संधींची मर्यादा मध्यंतरी आणली होती, ती २०२२ मध्ये मागे घेतली गेली. वयाची अट खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे बाविसाव्या वर्षी पुण्यात आलेला मुलगा सोळा वर्षं परीक्षा देत राहू शकतो आणि त्याला 'आता पुरे' असं कोणीही अधिकृतपणे सांगत नाही.

त्यामुळे ३८ हा आकडा आधी डोक्यातून काढा. तुमची खरी तारीख दुसऱ्या दारांवर लिहिलेली आहे. सरकारी बँकांच्या आयबीपीएस परीक्षेत क्लार्कसाठी खुल्या प्रवर्गाला २८ आणि पीओसाठी ३० वर्षांची मर्यादा आहे. पोलीस शिपाई भरतीत खुल्या प्रवर्गाला २८. (आरक्षित प्रवर्गांना सवलत असते, ती आपापल्या जाहिरातीत पाहा.) मी राज्यसेवेच्या मागे असताना अठ्ठाविसावा आणि तिसावा वाढदिवस कधी गेला हे मला कळलंसुद्धा नाही. बँकेचा फॉर्म भरायला घेतला तेव्हा संगणकाने जन्मतारीखच स्वीकारली नाही. तो दिवस मला पूर्वच्या कुठल्याही निकालापेक्षा जड गेला.

दुसरी गोष्ट, हिशोब अटेम्प्टमध्ये करू नका, कॅलेंडरच्या महिन्यांत करा. २०२० ची पूर्व परीक्षा एप्रिल २०२० मध्ये व्हायची होती, ती झाली २१ मार्च २०२१ ला. २०२४ ची पूर्व आधी २८ एप्रिलला ठरली होती, पुढे जात जात ती १ डिसेंबर २०२४ ला झाली. 'एकच अटेम्प्ट देतो' असं घरी सांगितलेला मुलगा अशा वेळी दीड वर्ष पुण्यात राहतो आणि त्याचा दोष कशातच नसतो. कॉट, मेस, अभ्यासिका, चहा आणि झेरॉक्स धरून आज महिन्याला दहा-बारा हजार सहज जातात. पुढचा अटेम्प्ट म्हणजे किमान अठरा महिने, असं धरूनच पुढचं वाचा.

पहिली पायरी: पंधरा दिवस निर्णय घेऊ नका, पण एक काम त्याच संध्याकाळी करा

निकालानंतरचे पंधरा दिवस निर्णयाचे नसतात. घरी जा, शेतात जा, झोपा. अभ्यासिकेचं डिपॉझिट कुठे पळून जात नाही. खूप खचल्यासारखं वाटत असेल, जगण्याबद्दलच नकोसे विचार येत असतील, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. हे कुणाला सांगायला मी आता संकोचत नाही.

मात्र एक काम निकालाच्या नव्हे, तर परीक्षेच्या संध्याकाळी करायचं असतं. पूर्वच्या पेपर एकमध्ये १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. प्रश्नपत्रिका आपल्याकडेच राहते. खोलीवर आल्यावर, उत्तरतालिका यायच्या आत, प्रत्येक प्रश्नासमोर एक खूण करायची: हे मला नक्की येत होतं, यात मी दोन पर्यायांत अडकलो होतो, किंवा हे मी नुसतं ठोकलं. उत्तरतालिका पाहिल्यावर ही खूण खरी होत नाही. बरोबर आलेलं उत्तर आपल्याला येतच होतं असं मन सांगू लागतं. ज्यांनी ही संधी या वेळी घालवली असेल त्यांनी जुन्या वर्षाचा एक न सोडवलेला पेपर घड्याळ लावून सोडवावा आणि त्यावर खुणा कराव्यात. अगदी तसंच नाही, पण अंदाज येतो.

दुसरी पायरी: गुण बघू नका, अंतर बघा

'मला गेल्या वेळी ९० होते, आता ९६ आले' याला फारसा अर्थ नाही. पेपर सोपा-अवघड होतो, पदं कमी-जास्त होतात आणि कट-ऑफ त्यासोबत सरकतो. बघायचं असतं ते तुमच्याच प्रवर्गाच्या कट-ऑफपासूनचं अंतर, प्रत्येक वर्षाचं वेगळं. सगळ्या वर्षांचं अंतर एका ओळीत लिहा.

सीसॅटमुळे गेला असाल तर तुमचा प्रश्नच निराळा आहे. २०२२ पासून पेपर दोन फक्त पात्रतेसाठी आहे, ३३ टक्के म्हणजे २०० पैकी ६६ गुण लागतात. पेपर एकमध्ये चांगलं अंतर राखून सीसॅटला ६० वर अडकलेला मुलगा पुणे सोडायच्या गोष्टी करतो तेव्हा मी त्याला अडवतो. उताऱ्यांचा आणि गणिताचा रोज दीड तास, तीन-चार महिने, हा त्यावरचा उपाय आहे. हे दार नापासांच्या सगळ्या कारणांत सर्वांत स्वस्तात उघडतं.

तिसरी पायरी: नशिबाचा वाटा बाजूला काढा

'थोडक्यात गेली' हे वाक्य पेठांमध्ये रोज ऐकू येतं. थोडक्यात म्हणजे किती, हे मोजता येतं.

बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. म्हणजे चुकलेला एक प्रश्न बरोबर आला तर अडीच गुणांचा फरक पडतो. आता समजा, पेपरमधल्या २६ प्रश्नांत तुम्ही दोन पर्यायांत अडकलात. हे २६ वेळा नाणं उडवण्यासारखं आहे. सरासरी १३ बरोबर येतील, पण दर वेळी तेराच येतील असं नाही. दहापैकी साधारण आठ वेळा ही संख्या १० ते १६ च्या दरम्यान राहते. तीन प्रश्न वर किंवा तीन प्रश्न खाली, म्हणजे साडेसात गुण वर किंवा खाली. अभ्यास तोच, माणूस तोच, फक्त नाणं वेगळं पडलं.

यावरून मी एक साधी रेषा धरतो. कट-ऑफपासूनचं अंतर सात-आठ गुणांच्या आत असेल तर त्या एका निकालाने तुमच्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. तुम्ही नालायक ठरला नाहीत, आणि 'पुढच्या वेळी नक्की' हेही ठरलेलं नाही. अंतर त्यापेक्षा बरंच जास्त असेल तर ते नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही. हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे आणि ती कुणी बोलत नाही: जो दोन-तीन गुणांनी पास झाला तोही नाण्यानेच पास झालेला असू शकतो. त्याला मुख्य परीक्षेचं वर्ष लागतं, आणि तिथे नाणं चालत नाही.

चौथी पायरी: खात्रीचे प्रश्न मोजा

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा हा आहे. खुणा केलेल्या पेपरात 'नक्की येत होतं' आणि बरोबरही आलं, असे प्रश्न किती? हा आकडा नशिबाने वाढत नाही. तो दर वर्षी वाढतोय का, एवढंच बघायचं.

माझ्याकडच्या दोघांचं उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडे समजायला सोपे केले आहेत.

दोघांनी एकाच वर्षी पूर्व दिली. दोघांनी ९२ प्रश्न सोडवले, ५७ बरोबर आणि ३५ चूक. ११४ वजा साडेसतरा, म्हणजे दोघांना ९६.५. दोघांच्या प्रवर्गाचा कट-ऑफ १०९. अंतर साडेबारा. कागदावर दोघं जुळे भाऊबहीण म्हणावेत इतके सारखे.

ती लातूरकडची, वय सव्वीस, तिसरा अटेम्प्ट. मागची अंतरं ३८ आणि १९. तिच्या पेपरात खात्रीचे बरोबर प्रश्न ४० होते, त्याच्या आदल्या वर्षी २९. दोन पर्यायांतले २६, त्यांपैकी १३ बरोबर, १३ चूक. ठोकलेले १७, त्यांपैकी ४ बरोबर. आता ३५ चुकांचा हिशोब लावला: १३ दोन पर्यायांतल्या, १३ ठोकलेल्या, आणि उरल्या ९. या नऊ चुका अशा होत्या की उत्तर तिला येत होतं. 'अयोग्य विधान ओळखा' असताना योग्य विधान निवडलेलं, नाहीतर उत्तरपत्रिकेत एक गोल खाली रंगवलेला.

या नऊपैकी सहा चुका शेवटच्या २५ प्रश्नांत होत्या. मी तिला विचारलं, "टेस्ट कशावर सोडवायचीस?"

"मोबाईलवर, दादा. पटापट होतात."

कारण तिथेच सापडलं. मोबाईलवर गोल रंगवावे लागत नाहीत. शंभर गोल रंगवायला जो वेळ लागतो तो तिच्या सरावात कधी धरलाच नव्हता, आणि खऱ्या परीक्षेत तो शेवटच्या पंचवीस प्रश्नांतून कापला जात होता. साडेबारा गुणांसाठी तिला पाच चुका कमी करायच्या होत्या आणि हाताशी नऊ होत्या. खात्रीचे प्रश्न वर्षभरात अकराने वाढलेले. अंतर ३८, १९, १२.५ असं उतरत आलेलं. हिने थांबणं म्हणजे पीक उभं असताना शेत सोडणं झालं असतं. तिने पुढचे दहा महिने दर रविवारी सकाळी छापील पेपर आणि कोरी ओएमआर घेऊन, दर वीस प्रश्नांनंतर गोल रंगवत सराव केला. मी तिला आणखी एक अटेम्प्ट द्यायला सांगितला, पण हद्द ठरवूनच. तिच्याकडे पुन्हा येतो.

तो नगर जिल्ह्यातला, मेकॅनिकल इंजिनीअर, वय एकोणतीस, पाचवा अटेम्प्ट. शेवटची तीन अंतरं ११, १४ आणि १२.५. त्याच्या पेपरात निव्वळ निष्काळजीपणाच्या चुका फक्त तीन. तो शिस्तीचा मुलगा होता, सकाळी सहाला अभ्यासिकेचं कुलूप उघडायला माझ्याआधी हजर असायचा. पण दोन पर्यायांत अडकलेले प्रश्न ४० होते, २० बरोबर आणि २० चूक. खात्रीचे फक्त ३४. त्याने दोन जुने पेपर काढून प्रामाणिकपणे आठवून खुणा केल्या. तिथे आकडे निघाले ३३ आणि ३५.

तीन वर्षं, तीच पुस्तकं तीन-तीन वेळा वाचलेली, आणि खात्रीचा आकडा जागचा हललेला नाही. सगळं वाचलंय आणि सगळं अर्धवट आठवतंय, अशी ती अवस्था. चाळीस प्रश्नांवर नाणं उडवलं तर बारा-तेरा वेळांत एखाद्या वेळी पाच प्रश्न जास्त पडून तो पूर्व पास झालाही असता. मला भीती त्याचीच वाटत होती. कारण मग मुख्य परीक्षेचं वर्ष, तिथे अपयश, आणि 'आता तर पूर्व निघते' या आधारावर आणखी दोन वर्षं. माझं स्वतःचं असंच झालं.

अशा मुलाला मी दोन प्रश्न विचारतो. येत्या वर्षात तू काय वेगळं करणार आहेस, आणि त्याने खात्रीचे दहा प्रश्न कुठल्या विषयात वाढतील? उत्तरात विषयाचं आणि कामाचं नाव आलं, म्हणजे 'अर्थव्यवस्थेचे गेल्या दहा वर्षांचे प्रश्न प्रकरणवार सोडवून स्वतःच्या नोट्स काढणार', तर मी ऐकतो. 'आता जोर लावणार', 'आता मोबाईल बंद', 'रिव्हिजन जास्त करणार' असं आलं, तर माझ्या लेखी ते उत्तर नाही. तो म्हणाला, "दादा, खरं सांगू? गेल्या वर्षीही हेच म्हणालो होतो."

मुख्य परीक्षेत अडकलेल्यांसाठी

२०२५ पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, त्यांपैकी मराठी आणि इंग्रजी पात्रतेपुरते, बाकीचे १७५० गुणांचे, त्यात वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, आणि वर २७५ गुणांची मुलाखत. आधीच्या वस्तुनिष्ठ मुख्य परीक्षेतल्या तुमच्या गुणांवरून या परीक्षेचा अंदाज बांधू नका, दोन्ही बाजूंनी. जुन्या पद्धतीत दोनदा मुख्य हुकलेला पण लिहायला चांगला असलेला मुलगा या पद्धतीत पहिल्यांदाच खरी परीक्षा देतोय. आणि जुन्या पद्धतीत थोडक्यात गेलेला, पण पाच वर्षांत सलग दोन पानं न लिहिलेला, तोही पहिल्यांदाच देतोय.

यांना माझं सांगणं एवढंच: निर्णयाआधी सहा आठवडे रोज दोन उत्तरं वेळ लावून लिहा आणि ती तपासू शकणाऱ्या माणसाला दाखवा. ऐंशीएक उत्तरांनंतर पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवा. सुधारणा डोळ्यांना दिसते. दिसली नाही, तर अठरा महिने गुंतवण्याआधी कळलं हे बरंच झालं.

पाचवी पायरी: हद्द आधी लिहा

पुढचा अटेम्प्ट द्यायचं ठरलं तर अभ्यास सुरू करण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहायच्या. पहिली ओळ तारखेची: अमुक महिन्यापर्यंत, परीक्षा पुढे ढकलली गेली तरीही. दुसरी पैशाची: घरून किंवा साठवणीतून अमुक रुपयांपर्यंत. तिसरी आकड्याची: खात्रीचे प्रश्न अमुक झाले नाहीत, किंवा अंतर अमुकच्या आत आलं नाही, तर पूर्णवेळ तयारी बंद.

लातूरच्या मुलीच्या कागदावर असं होतं: डिसेंबरपर्यंत. एक लाख ऐंशी हजार. खात्रीचे ४८. ती सत्ताविशीत असतानाच तारीख संपत होती, कारण तिला बँक क्लार्कचं दार उघडं ठेवायचं होतं.

हा कागद निकालानंतर लिहिला तर तो खोटा होतो. निकालानंतर आपण वकील होतो आणि स्वतःचीच केस लढवतो. आणि हा कागद एकट्याच्या डायरीत ठेवू नका. घरच्या एका माणसाला वाचून दाखवा. तिने फोनवर वडिलांना वाचून दाखवला तेव्हा मी समोर बसलो होतो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पैशाचा आकडा माझ्याकडं लिवून ठिवतो. तारखेचं तुझं तू बघ, बाळा. पर आसं आधीच सांगितलंस ते लई बरं केलंस. इतकी वर्सं मला नुसतं 'होईल आप्पा' एवढंच म्हाईत." घरच्यांना नापास होण्याची भीती असते त्यापेक्षा हे कधी संपणार आहे हे माहीत नसण्याची जास्त असते, हे मला तेव्हा कळलं.

आकडा ठरवताना स्वतःवर अन्याय करू नका. पहिलाच अटेम्प्ट असेल आणि तयारी आठ-नऊ महिन्यांचीच असेल, तर ३०-४० गुणांचं अंतर हे थांबण्याचं कारण नाही. अभ्यासक्रम एकदा पूर्ण व्हायलाच बहुतेकांना वर्ष जातं. पहिल्या वर्षी खात्रीचा आकडा फक्त नोंदवायचा असतो, त्यावर निकाल द्यायचा नसतो. दुसऱ्या वर्षी तो वाढायलाच हवा. दोन्ही वर्षं तुम्ही पूर्णवेळ असूनही तो वाढला नसेल, तर तिसऱ्या वर्षी पद्धत बदलल्याशिवाय फॉर्म भरू नका. आणि तिसऱ्यांदाही तो तिथेच असेल, तर माझ्या मते ती हद्द आहे. कुणी पाच म्हणेल. मी माझ्या डोळ्यांसमोरच्या मुलांवरून तीन म्हणतो.

आजारपण, घरातला मृत्यू, लग्नाची धावपळ, अशा वर्षाचा आकडा मोजायचा नाही. पण अशी वर्षं लागोपाठ तीन आली असतील, तर तेही लिहून काढा. परिस्थिती बदलणार नसेल तर पूर्णवेळ तयारीचा बेतच परिस्थितीला धरून नाही.

लांबत चाललंय हे कसं ओळखायचं

आकड्यांआधीच काही गोष्टी मला दिसू लागतात. मुलगा पेपर सोडवणं टाळतो, नवीन नोट्स मात्र विकत घेतो. चहावर नव्या मुलांना 'आयोग असा विचार करतो' हे समजावण्यात त्याचे दोन तास जातात, आणि त्या दोन तासांतच तो दिवसभरातला सर्वांत खूश असतो. परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली की वरवर चिडतो, पण चेहऱ्यावर सुटका दिसते. शेवटची खूण मी कधीच चुकवत नाही. ज्याची तयारी वर चढतेय त्याला तारीख लांबली की खरोखर राग येतो.

घाईने सोडणाऱ्यांची खूण वेगळी. ते पेपरबद्दल बोलतच नाहीत, फक्त स्पर्धेबद्दल बोलतात: किती लाख फॉर्म आले, किती पदं आहेत. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. असे आकडे भीती घालतात, पण त्या दहा लाखांत किती जणांनी अभ्यासक्रम एकदा तरी पूर्ण केला होता, हे ते आकडे सांगत नाहीत. तुमचं अंतर आणि तुमचे खात्रीचे प्रश्न याबद्दल तर काहीच सांगत नाहीत.

सहावी पायरी: थांबायचं म्हणजे नेमकं काय थांबवायचं

संधींची मर्यादा नसल्याचा एक फायदाही आहे. पूर्णवेळ तयारी थांबवणं आणि परीक्षा थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकोणतिसाव्या वर्षी पुण्याची खोली सोडली म्हणून राज्यसेवेचा फॉर्म भरण्याचा हक्क जात नाही. नोकरी करत वर्षाला एक पूर्व देणं शक्य आहे. वर्णनात्मक मुख्य परीक्षा नोकरीसोबत फार अवघड आहे हे मात्र आधीच मान्य करा, आणि पूर्व निघाली तर तेव्हा रजेचं बघू असं ठरवा.

वाट बदलताना जे शिकलात ते वाया जाऊ नये असं बघायचं. आयोगाच्याच गट ब आणि गट क च्या परीक्षांचा अभ्यासक्रम बराचसा तोच आहे, प्रश्न जास्त थेट असतात आणि वेळ कमी. दोन पर्यायांत अडकणाऱ्या मुलाला थेट प्रश्न बरेचदा मानवतात. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते नसल्यामुळे चांगले गुण असलेली मुलं बाहेर राहिलेली मी पाहिली आहेत. टायपिंगचा क्लास तालुक्याच्या गावी असतो आणि रोज एक तास पुरतो. तयारीच्या पहिल्याच वर्षी हे प्रमाणपत्र काढून ठेवा.

नोकरीच्या मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल विचारतात तेव्हा लपवू नका. "तीन वर्षं राज्यसेवेची तयारी केली, झालं नाही, आता थांबलो" एवढं सरळ सांगावं आणि पुढे या नोकरीबद्दल बोलावं. गोष्ट लांबवली की समोरच्याला वाटतं, हा फॉर्म आला की पुन्हा जाईल.

नगरचा मुलगा त्या मार्चमध्ये खोली सोडून गेला. चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागला, पगार सुरुवातीला बेताचाच. पाच वर्षं मेकॅनिकलपासून दूर राहिल्यामुळे त्याला नवख्यांच्या रांगेत उभं राहावं लागलं आणि त्याचा त्याला त्रास झाला, तो त्याने माझ्यापासून लपवला नाही. गट क ची तयारी तो रात्री करतो. टायपिंगचं प्रमाणपत्र काढलंय.

लातूरच्या मुलीची पुढची पूर्व झाली. त्या संध्याकाळी तिने अभ्यासिकेच्या पायरीवर बसून उत्तरतालिकेआधी खुणा केल्या. खात्रीचे ५१ निघाले, निष्काळजीपणाच्या चुका दोन. मुख्यला ती पोचली, मुख्य निघाली नाही. कागदावरची तारीख तोवर उलटून गेली होती. तिने तो कागद मला दाखवला, घडी करून पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आयबीपीएसचा फॉर्म भरला. तेव्हा तिला अठ्ठावीस पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते.